पैसे गेले, पण रिचार्ज कुठे अडकला?

रिचार्जचे पैसे खात्यातून गेले आणि व्हॅलिडिटी मात्र वाढली नाही, असा अनुभव जवळपास प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला आलेला असतो. मग टोलवाटोलवी सुरू होते. बँक म्हणते, आमच्याकडून पैसे गेलेत, ॲपला विचारा. ॲप म्हणते, आम्ही रिचार्ज पुढे पाठवलाय, मोबाइल कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आमच्याकडे काही आलेच नाही, बँकेत जा. ग्राहकाला वाटते, हे तिघे मिळून आपल्याला फिरवताहेत. पण बहुतेक वेळा तिघेही खरे बोलत असतात. व्यवहाराचा जो तुकडा त्यांच्या हातून जातो, तेवढाच त्यांना दिसतो. पूर्ण रस्ता दिसतो तो फक्त ग्राहकाला, आणि तोही हातातली पावती नीट वाचता आली तरच.

म्हणून तक्रार करण्याआधी शोधायचे ते एकच: रिचार्ज नेमका कुठे थांबला. ते कळले की कोणाकडे जायचे, किती दिवस वाट पाहायची आणि पैसे परत मिळण्याची शक्यता किती, हे सगळे आपोआप ठरते.

रिचार्ज खरेच आला नाही का?

सुरुवात मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या नोंदीपासून करावी. ज्या ॲपवरून पैसे भरले त्याच्यावरून नव्हे, तर जिओ, एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल यांच्या स्वतःच्या ॲपवरून. स्मार्टफोन नसेल तरी अडत नाही. एअरटेलवर `*121#` आणि व्हीवर `*199#` डायल केले की मेनू उघडतो, तर जिओच्या नंबरवरून `1299` ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक आणि मुदत सांगणारा एसएमएस येतो.

इथेच बऱ्याच तक्रारी मिटतात, कारण रिचार्ज पोहोचलेला असतो, फक्त अपेक्षेप्रमाणे दिसत नसतो. असे तीन प्रकारे होते.

पहिला प्रकार म्हणजे टॉप-अप. शंभर रुपयांचा टॉप-अप मारला की कर आणि प्रक्रिया शुल्क वजा होऊन साधारण ८१ रुपये ७५ पैशांचा टॉकटाइम जमा होतो. पण हा टॉकटाइम म्हणजे नुसती शिल्लक. त्याने सेवेची मुदत वाढत नाही. मुदत संपलेल्या नंबरवर टॉप-अप मारला तर शिल्लक दिसते आणि फोन मात्र लागत नाही. गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी रिचार्ज करताना ही चूक फार होते, कारण पूर्वी छोट्या टॉप-अपवर महिनोन् महिने इनकमिंग चालू राहायचे आणि ती सवय अजून मोडलेली नाही.

दुसरा प्रकार डेटा पॅकचा. ‘ॲड-ऑन’ किंवा ‘डेटा बूस्टर’ या नावाने मिळणारे पॅक चालू प्लॅनच्या पोटात बसतात. मूळ प्लॅनची मुदत संपली की तेही थांबतात. प्लॅनच्या यादीत ते मुख्य प्लॅनच्या शेजारीच दिसतात, म्हणून रक्कम बघून बोट दाबण्याआधी ‘व्हॅलिडिटी’ या शब्दापुढे दिवसांचा आकडा आहे की ‘चालू प्लॅनइतकी’ असे लिहिले आहे, ते पाहावे.

तिसरा प्रकार रांगेतल्या प्लॅनचा. जुना प्लॅन संपायला चार दिवस असताना नवा मारला, तर काही कंपन्यांमध्ये तो रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. तोपर्यंत मुदतीची तारीख जुनीच दिसते. कंपनीच्या ॲपमध्ये ‘पुढचा प्लॅन’ किंवा ‘रांगेतला प्लॅन’ असा वेगळा भाग असतो, तिथे तो सापडतो.

या तिन्हींपैकी काही नसेल, तर एक शेवटची खूण उरते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार रिचार्ज लागू झाल्यावर कंपनीने ग्राहकाला एसएमएसने तसे कळवायचे असते. कंपनीच्या ॲपमधल्या रिचार्ज इतिहासात नोंद नाही आणि ज्या नंबरचा रिचार्ज केला त्यावर असा एसएमएसही आलेला नाही, तर रिचार्ज वाटेतच अडकला असे खुशाल समजावे.

एक बटण, दोन प्रवास

आपण एकदाच बटण दाबतो, पण मागे दोन वेगळे प्रवास सुरू होतात. एक पैशाचा: आपल्या खात्यातून निघून यूपीआयच्या मार्गाने पेमेंट ॲपच्या किंवा त्याच्या मध्यस्थाच्या खात्यात. दुसरा हुकमाचा: ‘या नंबरला हा प्लॅन लावा’ हा संदेश ॲपकडून मध्यस्थाकडे आणि तिथून मोबाइल कंपनीच्या यंत्रणेकडे. पैसे आधी पोहोचतात, हुकूम त्यानंतर निघतो. पहिला प्रवास पूर्ण झाला म्हणून दुसरा झालाच असे नाही.

पडद्यावरचा हिरवा टिक बहुतेक वेळा पहिल्या प्रवासाचा असतो. ‘पेमेंट यशस्वी’ आणि ‘रिचार्ज यशस्वी’ या दोन वेगळ्या ओळी आहेत. ॲपमधला तो व्यवहार उघडून खालपर्यंत वाचत गेले की दोन्हींची स्थिती स्वतंत्र दिसते, आणि शेजारी क्रमांकही दिसतात. बारा आकडी यूटीआर किंवा यूपीआय संदर्भ क्रमांक हा पैशाचा माग. बँकेच्या पासबुकात, एसएमएसमध्ये आणि ॲपमध्ये तो एकच असतो. ‘ऑपरेटर रेफरन्स’ किंवा ‘ऑपरेटर आयडी’ हा हुकमाचा माग. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेने रिचार्ज स्वीकारला की तिच्याकडून येणारा हा क्रमांक आहे.

हे दोन क्रमांक कुठे आहेत आणि कुठे नाहीत, यावरून सगळा उलगडा होतो. खात्यातून पैसे गेले, पण ॲपमध्ये पेमेंटच ‘पेंडिंग’ किंवा ‘फेल्ड’ दिसते, तर गाडी पहिल्याच प्रवासात अडली आहे. हा मामला बँकेचा आणि यूपीआयचा. पेमेंट यशस्वी आहे, यूटीआर आहे, पण ऑपरेटर आयडी नाही, तर पैसे ॲपकडे किंवा मध्यस्थाकडे आहेत. तिथे ॲपलाच धरायचे. आणि दोन्ही क्रमांक आहेत, तरी कंपनीच्या नोंदीत मुदत वाढलेली नाही, तर कंपनीने उत्तर द्यायला हवे. त्या वेळी तिला नुसता यूटीआर सांगून उपयोग नसतो, कारण तिच्या यंत्रणेत तो क्रमांक सापडत नाही. तिला ऑपरेटर आयडी द्यावा लागतो. ‘आमच्याकडे काही आलेच नाही’ हे उत्तर मिळते ते बऱ्याचदा चुकीचा क्रमांक सांगितल्यामुळे.

२९९ रुपयांचा हिशेब

समजा, साताऱ्यातल्या एका बाईंनी ५ तारखेला संध्याकाळी गावी असलेल्या सासूबाईंच्या नंबरवर २९९ रुपयांचा, २८ दिवसांचा प्लॅन मारला. जुनी मुदत त्याच रात्री संपत होती. खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा एसएमएस आला, ॲपवर मात्र ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच.

पहिली शक्यता घेऊ: पेमेंटच अडकले आहे, समोरच्याला पैसे मिळाल्याची खात्री पोहोचलेली नाही. यासाठी रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने उभे आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा व्यापाऱ्याला पैसे देताना खाते वजा झाले आणि खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे आहेत, कामकाजाचे नव्हे, त्यामुळे रविवार आणि सुट्ट्याही त्यातच मोजल्या जातात. म्हणजे ५ तारखेचे पैसे १० तारखेपर्यंत परत यायला हवेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी १०० रुपये भरपाई आहे. पैसे १३ तारखेला आले, तर २९९ रुपयांवर आणखी ३०० रुपये मिळायला हवेत. आणि ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न बघता बँकेने स्वतःहून जमा करायची आहे, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. रक्कम परत आली पण भरपाई आली नाही, तर यूटीआर आणि दोन्ही तारखा लिहून बँकेकडे ती मागावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते.

दुसरी शक्यता: पेमेंट यशस्वी झाले आणि हुकूम मध्येच अडला. इथे रोजच्या १०० रुपयांचा तो नियम लावता येत नाही. बँकेच्या लेखी पैसे जिथे पोहोचायचे तिथे पोहोचले आहेत. जे मिळाले नाही ती सेवा आहे. ही रेषा नीट लक्षात ठेवायला हवी, कारण बँकेशी आठ दिवस भांडून शेवटी ‘आमचा संबंध नाही’ हे ऐकावे लागते ते याच ठिकाणी. अशा वेळी ॲपमध्ये त्याच व्यवहाराखाली असलेल्या ‘मदत’ किंवा ‘तक्रार नोंदवा’ या पर्यायातून तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. पावतीवर ‘भारत कनेक्ट’ची खूण असेल, तर व्यवहार भारत बिल पेमेंट यंत्रणेतून गेला आहे. तिचे हे नवे नाव. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रीपेड रिचार्जलाही या यंत्रणेत जागा दिली. त्या पावतीवर यंत्रणेचा स्वतःचा व्यवहार क्रमांक असतो आणि त्यावरून तक्रार नोंदवता येते, तिचा पाठपुरावाही करता येतो.

राहिला त्या रात्रीचा प्रश्न. मुदत संपली की सासूबाईंचा फोन बंद, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर. घाबरून पुन्हा २९९ चा रिचार्ज मारला जातो, आणि मग दोन्ही लागू होतात. तसे झाले तर दिवस सहसा बुडत नाहीत, पण नको असताना दुप्पट पैसे अडकून पडतात आणि दुहेरी रिचार्ज ‘यशस्वी’ असल्याने परतावा मिळवणे कठीण जाते. थांबणे शक्यच नसेल, तर मुदत देणारा सर्वांत छोटा प्लॅन निवडावा आणि तो वेगळ्या मार्गाने, शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा जवळच्या दुकानातून मारावा. आधीचा रिचार्ज मागाहून लागला तरी नुकसान थोडक्यात आटोपते.

चुकीच्या नंबरवर गेला तर

हा प्रकार वरच्या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. इथे यंत्रणेत काहीच बिघडलेले नसते. पैसे पोहोचले, हुकूम पोहोचला, प्लॅन लागू झाला. फक्त माणूस चुकला. म्हणूनच हा सोडवायला सर्वांत अवघड. झालेला रिचार्ज परत घेतला जात नाही, अशी अट कंपन्या आणि ॲप आपल्या नियमावलीत घालतात, आणि बँकही हात वर करते, कारण पिन टाकून परवानगी आपणच दिलेली असते.

एका आकड्याची चूक इतकी सहज का पचते, याचे कारण मोबाइल नंबरच्या रचनेतच आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर संगणक लगेच ‘क्रमांक अवैध’ म्हणून अडवतो. डेबिट कार्डाच्या क्रमांकातही अशीच सोय आहे. मोबाइल नंबरच्या दहा आकड्यांत असा एकही पहारेकरी नाही. ४७ च्या जागी ७४ टाकले, तर जो नंबर तयार होतो तो बहुधा कुणाचा तरी खराखुरा, चालू नंबर असतो.

पूर्वी एक आडकाठी असायची. नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल कळायचे. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली आणि जुलै २०१५ पासून राज्याबाहेरही तोच नंबर नेता येऊ लागला. ग्राहकाची मोठी सोय झाली, पण नंबर बघून कंपनी ओळखण्याचे दिवस संपले. आता ॲप कंपनी आणि सर्कल स्वतः शोधते आणि पडद्यावर दाखवते. हीच ओळख उपयोगी पडते. आपल्या माणसाचा नंबर जिओचा आहे आणि पडद्यावर एअरटेल दिसते, तर नंबर चुकला आहे किंवा कंपनी चुकीची पकडली गेली आहे. कंपनीच चुकली असेल तर रिचार्ज सहसा फेटाळला जातो आणि पैसे परत येतात. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळे सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. कोल्हापूरच्या माणसाने मुंबईत असताना घेतलेला नंबर अजून मुंबई सर्कलचाच असू शकतो आणि दोन्ही सर्कलमधले प्लॅन सगळेच सारखे असतील असे नाही.

चूक लक्षात येताच काय करावे? रिचार्ज दुकानातून केला असेल, तर त्याच पावली दुकानदाराकडे जावे. त्याच्या रिचार्जच्या खात्यात कोणत्या नंबरवर, किती वाजता, किती रुपये गेले याची नोंद असते आणि तो आपल्या डिस्ट्रिब्युटरमार्फत कंपनीकडे रक्कम परत फिरवण्याची विनंती पाठवू शकतो. विनंती मान्य करायची की नाही हे कंपनी ठरवते, पण प्लॅन वापरात यायच्या आत ती गेली तरच काही आशा असते. त्या दृष्टीने पहिला तास फार मोलाचा. दुकानदाराने स्वतः आकडा चुकवला असेल, तर जबाबदारी त्याची. म्हणून नंबर तोंडी सांगण्यापेक्षा कागदावर लिहून द्यावा म्हणजे नेमकी चूक कुणाची याचा वाद उरत नाही.

ॲपवरून केला असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे आणि ॲपकडे लगेच तक्रार नोंदवावी आणि त्यात बरोबर नंबर आणि चुकलेला नंबर दोन्ही लिहावेत. दोन नंबरांत एकाच आकड्याचा फरक आहे आणि बरोबर नंबरवर आपण नेहमी रिचार्ज करतो, हे दाखवता आले तर आपले म्हणणे वजनदार होते. तरीही नकार येऊ शकतो, ही तयारी ठेवावी.

उरतो तो चुकलेल्या नंबरचा मालक. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू ज्याला मिळाली त्याने परत करायची असते. तीनशे रुपयांसाठी कोणी कोर्टात जाणार नाही, पण फोनवर बोलताना आपण भीक मागत नाही, आपलेच मागतो आहोत, हे मनात असलेले बरे. शांतपणे, थोडक्यात सांगावे: नंबर चुकला, अमुक वेळेला अमुक रकमेचा रिचार्ज तुमच्याकडे आलाय, जमल्यास पैसे पाठवा. अनेक माणसे पाठवतात. नाही म्हटले तर पुन्हापुन्हा फोन करू नये. अनोळखी माणसाशी बोलण्याचा संकोच किंवा धोका वाटत असेल, तर ही पायरी खुशाल सोडून द्यावी.

कंपनीने दाद दिली नाही तर

ऑपरेटर आयडी असूनही मुदत वाढली नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी दोन पायऱ्या आखून दिल्या आहेत. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र, नंबर `198`. तक्रार नोंदवली की कंपनीने डॉकेट क्रमांक द्यायचा असतो. तो मिळेपर्यंत फोन ठेवू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. समाधान झाले नाही, तर दुसरी पायरी कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. अपिलाला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचे आणि अपील प्राधिकाऱ्याचे पत्ते तिच्या संकेतस्थळावर मिळतात.

त्यापलीकडे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर `1915`, आणि शेवटी ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते की नाही, यावर बरीच वर्षे वाद होता. जुन्या तार कायद्यात लवादाची तरतूद होती आणि कंपन्या तिच्याकडे बोट दाखवत. अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी हा वाद संपवला आणि ग्राहक आयोगाचे दार उघडे असल्याचे सांगितले. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

या सगळ्या धडपडीत एक खरा धोका आहे. परतावा मिळत नाही म्हणून लोक इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात आणि ठगाच्या हाती लागतात. तो गोड बोलून स्क्रीन शेअर करणारे ॲप टाकायला सांगतो किंवा ‘परतावा घेण्यासाठी पिन टाका’ म्हणतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहक सेवेचा नंबर फक्त ॲपच्या आतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फसगत झालीच, तर ताबडतोब `1930` वर फोन करावा.

पडद्यावर एक नाव हवे

अडकलेल्या पैशांसाठी नियम आहेत, मुदती आहेत, भरपाईही आहे. चुकलेल्या नंबरसाठी मात्र ग्राहक अजूनही समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून आहे, आणि ही उणीव दूर करणे अवघड नाही. महावितरणचे बिल भरताना ग्राहक क्रमांक टाकला की पैसे भरण्याआधी नाव दिसते. यूपीआयने कुणाला पैसे पाठवताना खातेदाराचे नाव दिसते. प्रीपेड रिचार्जमध्ये मात्र आपण नुसत्या दहा आकड्यांवर विश्वास ठेवून पिन टाकतो. प्रत्येक सिमकार्ड ओळखपत्रावर दिलेले असते, म्हणजे नाव कंपनीकडे आहेच. पूर्ण नाव दाखवणे खासगीपणाच्या दृष्टीने योग्य नसेल, तर नावाची पहिली दोन-तीन अक्षरे आणि बाकी फुल्या, एवढे दाखवले तरी पुरे. सासूबाईंचे नाव ‘सु’ने सुरू होते आणि पडद्यावर ‘रा’ दिसते, हे पाहून कुणीही हात आखडता घेईल. ट्रायने ही एक गोष्ट कंपन्यांना बंधनकारक करावी. तोपर्यंत नंबर हाताने टाइप न करता फोनमधल्या कॉन्टॅक्टमधून निवडावा, आणि पिन टाकण्याआधी शेवटचे चार आकडे, कंपनी आणि दिवसांचा आकडा या तीन गोष्टी मोठ्याने वाचाव्यात.